चिकन नळाखाली धुताना काय उडतं, आणि उरलेल्या मसाल्याचं काय करायचं

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे हातापायातली ताकद घालवणाऱ्या गिलियन-बॅरे सिंड्रोम या आजाराचे, पेशंट एकदम वाढले तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच चर्चा, आता चिकन बंद करायचं का. काही पेशंटच्या शौचाच्या सॅम्पलमध्ये कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला होता, तिथे संशय मुख्यतः पाण्यावर होता, पण हा जंतू कोंबडीच्या आतड्यात राहतो हेही बातम्यांत आलं आणि लोक घाबरले. मी बरीच वर्षं परळच्या बाजूला एका लॅबमध्ये काम केलंय, तिथे पेशंटच्या सॅम्पलमधले जंतू वाढवून ओळखायचे, त्यामुळे सगळे फोन माझ्याकडे. त्यात माझ्या एक लक्षात आलं की लोक चिकन खाणं बंद करायला तयार होते, पण "चिकन नळाखाली धुऊ नका" म्हटलं की कोणी ऐकेना. न धुता शिजवायचं म्हणजे घाण खायची, असं प्रत्येकीचं म्हणणं.

मग त्याच वर्षी गटारीच्या रविवारी भांडुपला दादाकडे गेले होते, तिथे वहिनी तंदुरी करत होती आणि ओट्यापाशी उभं राहून मी सगळं बघितलं. हा लेख त्या एका दुपारीवरच लिहितेय, कारण आपल्या सगळ्यांच्या घरी थोड्याफार फरकाने तेच चालतं.

त्या ओट्यावर काय काय होतं

दीड किलो चिकन, लेगपीस आणि थोडे करी कट. वहिनीने चाळणीत घेतलं, चाळणी सिंकमध्ये, नळ पूर्ण सोडला, एकेक पीस हातात धरून चोळून चोळून धुतला, तीन पाण्यातून काढला. सिंकच्या डाव्या हाताला भांड्यांची जाळी, त्यात सकाळची धुतलेली ताटं-वाट्या. उजव्या हाताला पाण्याचा फिल्टर, आणि त्याच्या पलीकडे ताटात सॅलडसाठी कापून ठेवलेला कांदा, काकडी, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी. मुंबईतला ओटा केवढा असतो तुम्हाला माहितीये, सिंकपासून दोन फूट म्हणजे जवळजवळ सगळं किचन आलं. आणि कच्चं चिकन धुताना पाण्याचे बारीक थेंब ५० सेंटीमीटरपेक्षा जास्त लांब उडू शकतात. म्हणजे ताटं, फिल्टरची तोटी, कापलेली काकडी, सगळं त्या टप्प्यात.

हा जंतू आपल्याला त्रास देतो, कोंबडीला का नाही

कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण ४१-४२ डिग्री सेल्सिअस, आणि कॅम्पिलोबॅक्टरला तेवढीच ऊब मानवते. तो तिच्या आतड्यात आरामात राहतो, कोंबडी सहसा आजारी दिसत नाही, म्हणून दुकानात धट्टीकट्टी कोंबडी बघून काही कळत नाही. कापताना, साफ करताना आतड्यातली घाण मासाला थोडी तरी लागतेच, कोणी कितीही नीट कापलं तरी. दुसरा नेहमीचा जंतू साल्मोनेला, ज्याचं नाव तुम्ही टायफॉइडमुळे ऐकलं असेल, तो टायफॉइडवाला वेगळा पण घराणं एकच.

कॅम्पिलोबॅक्टर किचनच्या ओट्यावर वाढत नाही. ३० डिग्रीच्या खाली त्याची वाढ थांबते, साधी हवा त्याला सोसत नाही, आणि कोरडं झालं की मरतो. पण आजारी पाडायला त्याला वाढायची गरजच नाही, कारण पाचेकशे जंतू पोटात गेले तरी पुरतात. कच्च्या चिकनच्या पाण्याच्या एका थेंबात तेवढे मावतात. म्हणून "थोडंसंच उडालं" याला इथे अर्थ राहत नाही. फक्त एक थेंब, काकडीवर, ओला.

बहुतेकांना चार-आठ दिवस जुलाब, ताप, पोटात मुरडा येऊन बरं वाटतं. हजारात एखाद्याला मात्र पुढे जीबीएस होऊ शकतो. या जंतूच्या बाहेरच्या आवरणाचा काही भाग आपल्या नसांच्या आवरणासारखा दिसतो, शरीराची संरक्षण यंत्रणा जंतूला मारता मारता स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि हातापायातली ताकद जाते. पुण्यात जे बघितलं ते हेच.

नळाखाली नक्की होतं काय

चमच्यावर नळ सोडून बघा, पाणी कसं फवाऱ्यासारखं उडतं. चिकनचा पीस चमच्यासारखा कडक नसतो पण तो मऊ असणं जास्त वाईट. पाण्याची धार जिथे पडते तिथे मास दबतं, छोटीशी वाटी तयार होते, आणि त्या वाटीच्या काठावरून पाणी वर उसळतं. २०२२ मध्ये 'फिजिक्स ऑफ फ्लुइड्स' या जर्नलमध्ये काही संशोधकांनी हेच मोजलं. नळाखाली कच्चं चिकन धरून आजूबाजूला जंतू वाढवायच्या प्लेटा ठेवल्या आणि नंतर त्यावर काय उगवतं ते बघितलं. नळ जितका उंच तितकं जास्त उडालं, आणि मऊ पृष्ठभागावर कडकपेक्षा जास्त. आपल्याकडे खालच्या मजल्यावर टाकीच्या पाण्याचं प्रेशर भरपूर असतं, आणि आता मोठी पातेली मावावीत म्हणून हंसाच्या मानेसारखे उंच नळ बसवतात, दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की विचारू नका.

हे मोठे थेंब तर डोळ्याला दिसतात, आपण फडकं मारतो. बारीक थेंब दिसतच नाहीत. आणि ज्या फडक्याने आपण पुसतो तेच फडकं मग ओट्यावर, गॅसवर, डायनिंग टेबलवर फिरतं.

अजून एक जागा कोणाच्या लक्षात येत नाही ती म्हणजे नळाची चावी. चिकनचे हात, त्याच हाताने नळ बंद, मग साबण लावून हात धुतले, स्वच्छ हाताने पुन्हा तीच चावी फिरवली. वहिनीने अगदी हेच केलं आणि मग त्या हाताने लिंबू पिळलं. मी तेव्हा बोलले.

"ताई, मी हात धुतले की," ती म्हणाली.

"धुतलेस, पण नळ धुतलास का?"

"न धुणाऱ्यांना तरी कुठे होत नाही?"

हा प्रश्न बरोबर आहे आणि याचं उत्तर मी लपवणार नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ मध्ये एका अभ्यासाचे निकाल दिले, लोकांना टेस्ट किचनमध्ये चिकन आणि सॅलड करायला सांगितलं होतं, चिकनला आधीच एक निरुपद्रवी पण ओळखता येईल असा जंतू लावून ठेवलेला. ज्यांनी चिकन धुतलं त्यातल्या ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये नंतर जंतू सापडले, आणि सिंक साफ करायचा प्रयत्न केल्यावरही १४ टक्के लोकांच्या सिंकमध्ये ते होतेच. त्यांच्यातल्या २६ टक्के लोकांच्या सॅलडमध्ये ते पोचले. पण ज्यांनी चिकन धुतलंच नाही त्यांच्यापैकीही ३१ टक्के लोकांच्या सॅलडवर जंतू गेले. कारण हात नीट धुतले नाहीत, एकच सुरी, एकच बोर्ड.

म्हणजे नळ बंद केला की सगळं संपलं असं नाही. चिकनला हात लागला की नंतर तो हात कुठे जातो ते बघायचं, आणि सॅलड आधी कापून झाकून लांब ठेवायचं किंवा चिकन ओव्हनमध्ये गेल्यावर कापायचं. पण धुण्याने एक जास्तीची वाट तयार होते आणि त्या बदल्यात मिळत काहीच नाही, हे खरं.

"पण धुतल्याने निदान काही जंतू तरी जातात ना?"

जातात की, सिंकमध्ये जातात. मासावरचे जंतू धूळ बसल्यासारखे वर बसलेले नसतात, मासाच्या घडीत, कातडीच्या छिद्रांत, पाण्याच्या पातळ थरात चिकटून असतात. तीन पाण्याने धुतलं तरी आजारी पाडण्याइतके मागे राहतातच, म्हणून धुतलेलं चिकनही आपण कच्चं खात नाही. ते मरतात ते शिजताना. पिसाच्या सगळ्यात जाड भागात, हाडाजवळ, ७४ डिग्री आलं की दोन्ही जंतू गेले, आणि पातेल्यात खदखदणारा रस्सा त्याच्या कितीतरी वर असतो.

मग लिंबू, मीठ, हळद, व्हिनेगर चोळून धुतलं तर? वास कमी होतो, मास थोडं घट्ट होतं, ते खरं. पण आपण लावतो तेवढ्या प्रमाणात आणि तेवढ्या वेळात जंतू संपत नाहीत. आणि शेवटी ते चोळलेलं धुवायला आपण पुन्हा नळाखालीच जातो. गरम पाणी ओतलं तर वरचं मास पांढरं पडतं, आतले तसेच, वर ते पाणी उडतं ते उडतंच.

"आमचं चिकन पॅकेटमधलं नसतं, त्यावर रक्त आणि पिसं असतात"

हे वहिनीचं म्हणणं होतं आणि ते मला पटतं. परदेशात लोक सुपरमार्केटमधला साफ केलेला पीस आणतात, आपण नाक्यावरच्या दुकानात समोर कापून घेतो, काळ्या पिशवीत घेऊन येतो, त्यात लाकडी ठोकळ्यावरचा हाडाचा चुरा असतो, रक्ताच्या गाठी असतात, कधी फुप्फुसाचा तुकडा बरगडीला चिकटलेला. ते तसंच शिजवा असं मी कोणाला सांगणार नाही.

पण हे काढायला नळ लागत नाही. दुकानातच सांगायचं की भाऊ, आतलं फुप्फुस काढा, कातडी काढा. घरी आल्यावर चिकन एका परातीत ओतायचं, गाठी आणि चुरा बोटाने किंवा टिश्यूने काढायचा, पीस टिश्यूने टिपून घ्यायचे, टिश्यू पिशवीत घालून पिशवी बांधून कचऱ्यात. टिपून घेतलेल्या पिसाला मसाला पण जास्त चांगला धरतो, ओल्यावरून तो घसरतो.

आणि तरीही ज्यांचं मन होत नाही, आमच्या आईसारखं, त्यांनी निदान असं करा. मोठ्या पातेल्यात आधी पाणी भरून घ्या, नळ बंद करा, मग चिकन हळूच त्यात सोडा, हाताने पाण्याच्या आतल्या आत हलवा, पीस बाहेर काढून घ्या आणि पाणी सिंकच्या अगदी तळाशी पातेलं टेकवून सावकाश ओता. आजूबाजूची भांडी आधी उचलून ठेवा. याने धोका शून्य होत नाही पण फवारा बंद होतो, आणि फवारा हाच या धुण्यातला मोठा भाग.

आता मसाला

वहिनीने पाव किलो दही, आलं-लसूण, तिखट, हळद, मीठ, लिंबू, मोहरीचं तेल घालून मसाला केला, चिकन घालून कालवलं, बोटाला लागलेला मसाला चाटून मीठ बघितलं. मी हात धरला पण तोपर्यंत चाटून झालं होतं. मीठ बघायचं ते चिकन घालायच्या आधी, ही एक सवय तरी आजपासून बदला, कारण चिकन कालवल्यानंतर तो मसाला आणि कच्च्या चिकनचं पाणी यात काही फरक राहत नाही.

मग तो टोप चार तास ओट्यावर. गटारीचे दिवस, म्हणजे पावसाळी दमट हवा, किचनमध्ये तीसेक डिग्री. कॅम्पिलोबॅक्टर इथे वाढत नाही हे वर सांगितलं, पण साल्मोनेला वाढतो. समजा एका कोपऱ्यात शंभर जंतू आहेत आणि त्यांना मानवेल अशा अन्नात ते अर्ध्या तासात दुप्पट होतायत, तर चार तासांत आठ वेळा दुप्पट, म्हणजे पंचवीस हजारांच्या वर. दह्याच्या आंबटपणामुळे हा वेग नक्की कमी होतो, पण आंबटपणा जंतूंना रोखतो म्हणजे मारतो असं नव्हे, आणि पिसाच्या आतल्या घडीत दही पोचतच नाही. उपाय सोपा आहे, मुरवत ठेवायचं ते फ्रिजमध्ये, झाकून, सगळ्यात खालच्या कप्प्यात म्हणजे ठिबकलं तर भाजीवर पडणार नाही. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलं तरी चालतं, दोन दिवसांच्या पुढे नको.

आता मूळ प्रश्न. पीस ट्रेमध्ये लावून झाले आणि टोपात वाटीभर मसाला उरला. वहिनीचे तीन विचार होते. थोडा शेवटी ब्रशने पिसांवर लावायचा म्हणजे रसरशीत दिसतात, थोडा दह्यात कालवून सोबत चटणीसारखा घ्यायचा, आणि राहिलेला डब्यात भरून उद्या सुरमईला लावायचा.

पहिलं, ब्रश. मसाला लावल्यानंतर पीस अजून नीट शिजणार असेल तर हरकत नाही, म्हणजे अर्ध्या वेळेपर्यंत लावा. शेवटच्या दोन मिनिटांत लावलेला मसाला फक्त कोमट होतो, आणि तुम्ही शिजलेल्या पिसावर पुन्हा कच्चं चिकन फासलेलं असतं. वर तो ब्रश शिजलेल्या पिसाला आणि टोपातल्या कच्च्या मसाल्याला आळीपाळीने लागतो. शेवटी लावायचं ते नुसतं तेल किंवा बटर, वेगळ्या वाटीतून, वेगळ्या ब्रशने.

दुसरं, चटणी. नाही. अजिबात नाही. दही आणि लिंबू आहे म्हणून ते लोणच्यासारखं टिकाऊ होत नाही. लोणचं टिकतं ते भरपूर मीठ, आंबटपणा आणि आठवडेच्या आठवडे मुरण्यामुळे, आणि मुख्य म्हणजे त्यात कच्चं चिकन नसतं.

तिसरं, सुरमई. कच्च्या चिकनचा मसाला फ्रिजमध्ये रात्रभर ठेवला तर जंतू झोपतात, मरत नाहीत, कॅम्पिलोबॅक्टर तर ओल्या थंडीत बरेच दिवस तग धरतो. आणि सुरमईची तुकडी तव्यावर किती वेळ असते, पाच-सात मिनिटं, आपण ती चिकनसारखी शिजवत नाही.

मग फेकायचाच का, एवढं दही? उकळून वापरता येतो. पातेल्यात काढायचा, थोडं पाणी घालायचं, ढवळत राहायचं आणि सगळीकडून नीट खदखदून उकळी येऊ द्यायची, कडेला बुडबुडे आले म्हणजे उकळी नव्हे. दही फुटेल, दाणेदार दिसेल, म्हणून आधी चमचाभर बेसन कालवायचं आणि त्याची ग्रेव्ही करायची. पण हे फ्रिजमध्ये मुरवलेल्या मसाल्यासाठी. टोप चार तास बाहेर राहिला असेल तर उकळू पण नका, कारण हातावरून, नाकावरून येणारा एक जंतू बाहेर राहिलेल्या अन्नात विष तयार करतो आणि जंतू मेला तरी ते विष उकळीने जात नाही.

आपल्या नेहमीच्या रश्श्याला यातलं काही लागू नाही बरं का. हळद-मीठ-वाटण लावलेलं चिकन मसाल्यासकट पातेल्यात जातं, टोप विसळलेलं पाणी पण त्यातच जातं आणि सगळं एकत्र अर्धा तास रटरटतं. तिथे उरलेला मसाला हा प्रश्नच नाही. प्रश्न येतो तंदुरी, कबाब, ग्रिल, फ्राय यात, जिथे पीस एकीकडे जातो आणि मसाला मागे राहतो. आणि हे पदार्थ आपल्या घरात आत्ता आत्ता आले, एअर फ्रायर आणि ओटीजीबरोबर, म्हणून आई-आजीच्या सवयीत याचं उत्तर सापडत नाही.

"इतकी वर्षं धुतोय, काही झालं नाही"

झालं असेल, पण कळलं नसेल. कॅम्पिलोबॅक्टर पोटात गेल्यावर त्रास बहुतेक वेळा दोन ते पाच दिवसांनी सुरू होतो. रविवारी चिकन, बुधवारी जुलाब. बुधवारी कोणाला रविवार आठवतो, आपण मंगळवारच्या स्टेशनवरच्या वड्याला किंवा पाण्याला दोष देतो. शिवाय खाल्लेलं चिकन नीट शिजलेलं होतं, आजार काकडीतून आला, त्यामुळे चिकनवर संशय जातच नाही.

लॅबमधली एक गोष्ट सांगते. साध्या स्टूल कल्चरमध्ये हा जंतू सहसा दिसत नाही. त्याला वेगळं खाद्य लागतं, ४२ डिग्रीची पेटी लागते, कमी ऑक्सिजनची हवा लागते आणि दोन दिवस थांबावं लागतं. डॉक्टरांनी खास सांगितलं तरच बहुतेक लॅब हे करतात, आणि जुलाबाला कोण एवढं करतं, दोन दिवस औषध आणि मीठ-साखरेचं पाणी. त्यामुळे रिपोर्टमध्ये नाव येत नाही आणि आपल्याला वाटतं की आपल्याकडे हे नसतंच.

धुऊन झालंच असेल तर सिंक

नुसतं पाणी मारून चालत नाही. आधी साबणाने घासायचं, सिंक, नळाची चावी, आजूबाजूचा ओटा, कारण तेलकट थर असताना ब्लीच काम करत नाही. मग एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा साधं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घालून फिरवायचं आणि पाचेक मिनिटं ठेवून धुवायचं. यात व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लिनर कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. फडकं आणि घासणी गरम पाण्यात उकळून कडक उन्हात, आणि पावसाळ्यात ऊन नसेल तर त्या दिवसाचं फडकं वेगळंच ठेवा.

त्या दुपारी आम्ही काकडीचं ताट फेकून नवीन कापलं आणि वाटीभर मसालाही टाकला, वहिनीला वाईट वाटलं, दही महाग आहे. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा फ्रिजच्या वरच्या कप्प्यात झाकलेली एक छोटी वाटी होती. मसाला कालवून झाल्यावर, चिकन घालायच्या आधी, तिने दोन मोठे चमचे बाजूला काढले होते. अर्धे चटणीला, अर्धे शेवटी ब्रशने लावायला.